फलाटावरचे चार शब्द

डोंबिवलीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरातील पाच माणसे एका रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास कल्याण स्थानकात पोहोचली. सोमवारी सकाळी साडेदहाच्या मुहूर्तावर जळगावला भाचीचे लग्न होते. आरक्षण पुष्कळ आधी झालेले होते, सामान बेताचे होते आणि मुख्य म्हणजे गाडी वेळेवर होती. तशी उद्घोषणाही झाली. गाडीचा क्रमांक तिकिटावरच्या क्रमांकाशी अंक न् अंक जुळत होता. गाडी आली, डबा सापडला. पण आत पाहतात तो पाचही जागांवर दुसरीच माणसे झोपलेली. थोडी बोलाचाली झाली. तिकीट तपासनिसाने दोन्ही तिकिटे शेजारी धरून पाहिली आणि शांतपणे सांगितले, “काका, तुमची गाडी काल रात्रीच गेली.”

तपासनीस चुकला नव्हता. ती गाडी मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी सुटे आणि कल्याणला मध्यरात्र उलटल्यावर, ०० वाजून १७ मिनिटांनी येई. धाकट्या भावाने तिकीट काढताना ‘रविवारी रात्री निघायचे’ म्हणून रविवारची तारीख निवडली होती. परंतु रविवारची ००.१७ ही वेळ लोक ज्याला शनिवारची रात्र म्हणतात तिच्या पोटात येते. कुटुंबाने सोमवारची तारीख मागायला हवी होती. पाचही जण खाली उतरले, उरलेली रात्र फलाटावर काढली आणि पहाटेच्या एका गाडीच्या जनरल डब्यातून उभ्याने गेले. जळगावला पोहोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मामाच्या हाताने व्हायचा विधी दुसऱ्या कुणी तरी उरकला होता.

या घटनेत रेल्वेची चूक नव्हती, उद्घोषणेची नव्हती आणि वेळापत्रकाचीही नव्हती. व्यापारी माणूस हुंडीची तारीख डोळ्यांत तेल घालून वाचतो. तिकिटाची तारीख मात्र त्याने कॅलेंडरवरच्या वारासारखी वाचली. त्या रात्रीनंतर त्यांनी रेल्वेचा कागद आणि रेल्वेचा आवाज दोन्ही नीट समजून घ्यायचे ठरवले. दुकानाच्या गल्ल्याजवळ त्यांनी एक टिपण लावले. त्याच्या माथ्यावर ‘आधी तारीख’ एवढेच आहे आणि त्याखाली चार शब्द आहेत : उशीर, फलाट, मार्ग, रद्द.

तारखेची गोष्ट अशी. रेल्वेचा दिवस ००.०० वाजता सुरू होतो आणि २३.५९ ला संपतो. वेळ शून्यापासून पहाटेपर्यंतची असेल, तर स्थानकावर आदल्या रात्रीच हजर व्हावे लागते. हा घोटाळा मुंबईहून निघणाऱ्याला क्वचितच होतो. तो ठाणे आणि कल्याणच्या प्रवाशाला होतो. मुंबईतून रात्री अकरा-साडेअकराला सुटलेली गाडी इथवर येईतो तारीख बदललेली असते. इ-तिकिटावर म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या छापलेल्या असतात : गाडी आपल्या मूळ स्थानकातून निघते ती तारीख, आणि प्रवासी चढणार त्या स्थानकातून ती सुटते ती तारीख व वेळ. या दोन तारखा वेगळ्या दिसल्या की थांबून एकदा बोटांवर मोजावे.

हीच काळजी गाडीची हालहवाल पाहतानाही घ्यावी लागते. रेल्वेच्या enquiry.indianrail.gov.in या संकेतस्थळावर किंवा NTES या अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की कोणत्या दिवशी निघालेली गाडी हवी ते पाहावे लागते. कल्याणला रात्री साडेबारा वाजता उभ्या असलेल्या माणसाने ‘आज निघालेली’ गाडी निवडली, तर त्याला चोवीस तासांनंतर येणाऱ्या गाडीची माहिती दिसेल. ती गाडी अजून निघालेलीच नसल्याने तिला उशीरही दिसणार नाही. त्याची खरी गाडी ‘काल निघालेली’ असते.

मध्यरात्रीचा हा घोळ किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतो, हे ठाणेकरांनी २०२४ साली अनुभवले. ठाणे स्थानकातील फलाट ५ रुंद करण्यासाठी मध्य रेल्वेने ६३ तासांचा विशेष ब्लॉक जाहीर केला. तो ३० मे आणि ३१ मे यांच्या मधल्या रात्री साडेबाराला सुरू झाला आणि रविवारी, २ जूनला दुपारी साडेतीनला संपला. कुणी त्याला गुरुवार मध्यरात्रीपासूनचा ब्लॉक म्हटले, कुणी शुक्रवारपासूनचा. आणि दोन्ही म्हणणारे एकाच क्षणाविषयी बोलत होते. ज्याने शुक्रवारी रात्री बाराला ब्लॉक सुरू होईल असे समजून शुक्रवारची सकाळची कामे ठेवली, त्याला त्याच दिवशी १६१ लोकल रद्द झालेल्या आढळल्या. शनिवारी ५३४ आणि रविवारी २३५ लोकल रद्द होत्या. तीन दिवसांत मिळून ९३०. ‘मध्यरात्र’ हा शब्द दिसला की कोणत्या दोन तारखांच्या मधली, हा प्रश्न लगेच विचारावा. सूचनेत ००.३० असा आकडा दिला असेल तर शब्द सोडून तो आकडाच धरावा.

तारीख पक्की झाली की वेळापत्रकाचे काम बरेचसे संपते आणि उद्घोषणेचे सुरू होते. वेळापत्रक हे आगाऊ केलेले कबूलपत्र आहे. उद्घोषणा ही त्यावरची दुरुस्ती. आता चार शब्दांकडे वळावे. त्या लग्नानंतर काही महिन्यांनी हेच कुटुंब पुन्हा जळगावला निघाले, तेव्हा चारांपैकी तीन शब्द त्यांच्या वाट्याला एकाच दिवशी आले.

या खेपेला प्रवास दिवसाचा आणि रविवारचा होता. गाडी मुंबईहून सकाळी दहाला सुटणार, पावणेअकराला कल्याणला येणार आणि साडेचारच्या सुमारास जळगावला पोहोचणार. घरातील आजी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. तेव्हा संध्याकाळचे जेवण नातेवाइकांकडे वेळेत होईल, असा हिशेब होता. सकाळी आठला घरूनच पाहिले तेव्हा गाडीपुढे ‘रिशेड्यूल’ असा शेरा होता : दहाऐवजी बाराला सुटणार.

पहिला शब्द इथे समजून घ्यावा, कारण ‘उशीर’ दोन प्रकारचा असतो आणि दोहोंवर करायची कृती वेगळी असते. गाडी मूळ स्थानकातून निघून वाटेत रेंगाळली असेल, तर ती ‘उशिरा धावत’ असते. असा उशीर वाढतो तसा कमीही होतो. वेळापत्रक बांधताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, थोडी जास्तीची मिनिटे राखलेली असतात. ती वापरून चालक वेळ भरून काढतो. म्हणून उत्तरेकडून येणारी गाडी नाशिकला चाळीस मिनिटे मागे असली, तरी मुंबईत शिरताना ती पंचवीसच मिनिटे मागे असू शकते. ‘सुमारे चाळीस मिनिटे उशिरा’ हे ऐकून जो चहा घेण्यासाठी स्थानकाबाहेर जातो, त्याची गाडी त्याच्यावाचून निघून जाण्याची शक्यता खरी असते. त्या वाक्यातील ‘सुमारे’ हा शब्द शोभेसाठी नसतो.

रिशेड्यूल झालेल्या गाडीचे तसे नसते. तिथे मूळ स्थानकातून सुटण्याची वेळच पुढे ढकललेली असते. बहुधा त्याच डब्यांची परतीची गाडी उशिरा आलेली असते आणि ते डबे धुऊन, पाणी भरून पुन्हा लावायचे असतात. नव्या वेळेच्या आधी ती गाडी मूळ स्थानकातून निघत नाही. तिथली बाराची वेळ ही खालची मर्यादा समजावी. पुढे आणखी उशीर होऊ शकतो, पण गाडी अवचित लवकर येईल ही धास्ती राहत नाही. म्हणून घरी थांबणे इथे शहाणपणाचे ठरते, उशिरा धावणाऱ्या गाडीसाठी मात्र ठरत नाही.

कुटुंबाने हिशेब मांडला. बाराला सुटलेली गाडी पाऊण वाजता कल्याणला येईल आणि साडेसहाच्या आत काही जळगावला पोहोचणार नाही. तोवर सूर्य मावळलेला असेल. दोन तासांचा हा उशीर वाटेत पूर्ण भरून निघणारा नव्हता. म्हणून सुनेने सकाळीच आजींसाठी दशम्या आणि कोरडी भाजी बांधून घेतली. ‘उशिरा धावत आहे’ आणि ‘रिशेड्यूल’ यांतला फरक कळला नसता, तर हा डबा घरीच राहिला असता.

कोणती माहिती ताजी आणि कोणती शिळी, हे ओळखण्याचीही एक खूण आहे. मोबाइलवरील कित्येक अ‍ॅप छापील वेळापत्रकच दाखवतात. त्यांवर गाडी ‘वेळेवर’ दिसते, कारण त्यांना दुसरे काही ठाऊकच नसते. खऱ्या माहितीत गाडी शेवटी कोणत्या स्थानकातून, किती वाजता गेली याची नोंद असते. ती नोंद नसेल, किंवा तासाभरापूर्वीची असेल, तर त्या ‘वेळेवर’ला फारसा अर्थ देऊ नये. रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर विचारतानाही ‘गाडी वेळेवर आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘शेवटी कुठून गेली’ हे कळून घेणे अधिक उपयोगी पडते.

पावणेबाराच्या सुमारास मंडळी डोंबिवली स्थानकात आली. कल्याण तिथून दहाच मिनिटांच्या आत. पण रविवार असल्याने लोकलचा गोंधळ होता. घड्याळात बारा वाजून नऊ मिनिटे झाली होती आणि इंडिकेटरवर ११.५४ ही वेळ झळकत होती. मुलगी म्हणाली, इंडिकेटर बंद पडला असावा. तो बंद नव्हता. इंडिकेटरवरची वेळ ही लोकलची ओळख असते, तिच्या येण्याचा अंदाज नव्हे. ११.५४ ची लोकल पंधरा मिनिटे उशिरा आली तरी ती ११.५४ चीच म्हणून लागते आणि उद्घोषणेतही त्याच वेळेने तिला हाक मारली जाते. हे ध्यानात न घेणारा माणूस घड्याळात बारा वाजून नऊ झाले म्हणून १२.०९ ची लोकल समजून समोरच्या गाडीत चढतो आणि भलतीकडे जातो. लोकल ओळखायची ती वेळेवरून नव्हे, अक्षरांवरून.

ती अक्षरे कल्याणच्या भूगोलातून आलेली आहेत. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे पुढच्या वर्षी कल्याणला पोहोचली आणि तिथून तिला दोन घाट चढायचे होते. एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे, थळ घाटाच्या पायथ्याशी गेला. दुसरा आग्नेयेला कर्जतकडे, बोर घाटाच्या पायथ्याशी. लोकलच्या अक्षरांत म्हणूनच कसाऱ्यासाठी N आहे आणि कर्जतसाठी S. कल्याणला K, ठाण्याला T, अंबरनाथला A, बदलापूरला BL, टिटवाळ्याला TL. त्यापुढचे अक्षर गतीचे : F म्हणजे जलद, S म्हणजे धीमी. S हे अक्षर अशा रीतीने दोन कामे करते. पहिल्या जागी आले तर कर्जत, दुसऱ्या जागी आले तर धीमी. ‘S F’ म्हणजे कर्जतला जाणारी जलद लोकल. ‘K S’ म्हणजे कल्याणला जाणारी धीमी. डोंबिवलीहून कल्याणपर्यंत जाणाऱ्याला यांपैकी कोणतीही चालते. पण डोंबिवलीहून टिटवाळ्याला निघालेला माणूस अंबरनाथच्या लोकलमध्ये बसला, तर कल्याणनंतर तो प्रत्येक स्थानकागणिक आपल्या गावापासून दूर जात असतो. डोंबिवलीच्या मंडळींनी ‘K S’ पाहिले आणि ते निर्धास्तपणे चढले.

कल्याणला दुसरा शब्द भेटला : फलाट. लांब पल्ल्याची गाडी पाचवर येणार असे लागले होते. आजींना खालच्या बाकावर बसवावे आणि सामान डब्याच्या जागी नेऊन ठेवावे, असा मुलीचा बेत होता. व्यापाऱ्याने तो मोडला आणि सर्वांना जिन्याच्या पायथ्याशीच थांबवले. कारण साधे होते. फलाट बदलाची उद्घोषणा बहुधा गाडी जवळ आल्यावरच होते. येणाऱ्या गाड्यांपैकी कोणती आधी घ्यायची हा निर्णय नियंत्रण कक्षात त्या वेळच्या मोकळ्या रुळांवरून होतो. बावीस डब्यांची गाडी पाचशे मीटरांहून लांब असते. फलाटाच्या टोकाला जाऊन बसलेल्या माणसाला बदल ऐकल्यावर आधी जिन्यापर्यंत यायचे, मग चढायचे, मग उतरायचे आणि पुन्हा पलीकडच्या फलाटावर तेवढेच अंतर कापायचे असते. गाडीचा थांबा मात्र काही मिनिटांचाच.

प्रत्येक फलाट बदल सारखा नसतो, हेही इथे सांगायला हवे. काही फलाट एकाच चौथऱ्याच्या दोन बाजू असतात. ठाण्याचे ५ आणि ६ हे तसे आहेत. पाचची गाडी सहावर आली तर माणसाने फक्त पाठ फिरवायची. पण दोन चौथऱ्यांमधला बदल असेल तर जिना आलाच. म्हणून ज्या स्थानकातून नेहमी गाडी धरायची, तिथले कोणते दोन फलाट एका चौथऱ्यावर आहेत आणि सरकता जिना किंवा लिफ्ट कुठे आहे, एवढे एकदा फिरून पाहून ठेवावे. त्या दुपारी उद्घोषणा झाली ती ‘पाचऐवजी सात’ अशी. मंडळी जिन्याशीच असल्याने आजींना लिफ्टने नेऊन सातवर पोहोचेपर्यंत गाडी यायची होती. तिथे डब्यांची अक्षरे फलाटावरच्या छोट्या इंडिकेटरवर उमटली, मगच ते आपल्या डब्याच्या जागी चालत गेले. ती अक्षरे दिसण्याआधी केलेली चाल ही नेहमी अंदाजाची चाल असते.

तिसरा शब्द मार्ग. त्या रविवारी डोंबिवलीत लोकल उशिरा होत्या, त्याचे कारणही हाच शब्द. मध्य रेल्वेवर रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि त्याची सूचना एक-दोन दिवस आधी वृत्तपत्रांत येते. ती वाचताना लोक ‘कधीपासून कधीपर्यंत’ एवढेच पाहतात. त्यात याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी असतात : कोणत्या दोन स्थानकांमध्ये, अप की डाउन, आणि धीमा मार्ग की जलद. मुंबईच्या दिशेने जाणारा मार्ग अप आणि मुंबईपासून दूर जाणारा डाउन, एवढे पक्के असले की सूचना उलगडते.

नेहमी येणारी एक सूचना घेऊ : माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गांवर ब्लॉक, धीम्या लोकल या टप्प्यात जलद मार्गावरून धावतील. वाचणाऱ्याला वाटते, लोकल बंद नाहीत, मग काळजी कशाची? पण जलद मार्गाला प्रत्येक स्थानकात फलाट नसतो. वळवलेली धीमी लोकल म्हणून नाहूर, कांजूरमार्ग आणि विद्याविहार येथे थांबत नाही. डोंबिवलीहून कांजूरमार्गच्या ग्राहकाकडे माल दाखवायला निघालेल्या माणसाने अशा रविवारी भांडुप किंवा विक्रोळीला उतरायचे असते, आणि हे त्याला डोंबिवलीतच ठाऊक असायला हवे. कांजूरमार्ग खिडकीतून मागे जाताना कळून उपयोग नाही. लोकल रद्द झालेली नसते, ती फक्त त्याच्या स्थानकापुरती नाहीशी झालेली असते.

लांब पल्ल्याच्या गाड्यांत याच शब्दाची आणखी दोन रूपे आढळतात. ‘मार्ग बदलून’ जाणारी गाडी तिच्या शेवटच्या स्थानकाला पोहोचते, पण मधली काही स्थानके वगळते. ‘अंशतः रद्द’ गाडी वाटेतच संपवली जाते किंवा वाटेतूनच सुरू केली जाते. २०२४ च्या त्या ब्लॉकच्या दिवसांत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही ३६ तासांचा ब्लॉक होता आणि कित्येक गाड्या दादर, पनवेल किंवा पुणे अशा अलीकडच्या स्थानकांत संपवल्या गेल्या. पुण्यात संपलेली गाडी मुंबईच्या प्रवाशासाठी निम्मी गाडी असते, आणि ठाण्या-कल्याणला उतरणाऱ्यासाठी ती आलेलीच नसते. अशी सूचना ऐकताना गाडीचे नाव ऐकून सुस्कारा टाकू नये. आपले चढण्याचे आणि उतरण्याचे, अशी दोन्ही स्थानके तिच्या बदललेल्या वाटेवर आहेत का, एवढाच प्रश्न विचारावा.

चौथा शब्द रद्द. तो डोंबिवलीच्या कुटुंबाच्या वाट्याला आला नाही. त्याचा धडा कल्याणच्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने घेतला आणि तो पैशांचा आहे. नागपूरला जायचे त्याचे इ-तिकीट होते. गाडी कल्याणहून रात्री आठला सुटायची होती. ती साडेअकराला येईल असे कळले. सकाळची बैठक हुकणार म्हणून त्याने रागाच्या भरात मोबाइलवर तिकीट रद्द केले. नेहमीच्या रद्द करण्याचे जे नियम असतात तेच त्याला लागू झाले. गाडी सुटायची वेळ तोंडावर आलेली असल्याने त्याच्या हाती काही आले नाही.

नियम त्याच्या बाजूने होता, पण त्याची वाट दुसरी होती. प्रवासी जिथून चढणार त्या स्थानकात गाडीला तीन तासांहून अधिक उशीर असेल आणि त्याने प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडे परत मिळू शकते. त्यासाठी इ-तिकीट स्वतः रद्द करायचे नसते. गाडी त्या स्थानकातून प्रत्यक्षात सुटण्यापूर्वी TDR हा अर्ज भरायचा असतो आणि त्यात तीन तासांहून अधिक उशिराचे कारण निवडायचे असते. खिडकीवरून काढलेले तिकीट असेल तर गाडी प्रत्यक्षात सुटण्यापूर्वी ते खिडकीवर परत करावे लागते. यातले दोन शब्द तोलून घ्यावेत. उशीर मोजायचा तो चढण्याच्या स्थानकातला. मुंबईला किंवा नागपूरला किती झाला हे गैरलागू. आणि मुदत संपते ती गाडी प्रत्यक्ष सुटते तेव्हा, वेळापत्रकातल्या वेळी नव्हे. पण दोन तास पन्नास मिनिटांच्या उशिराला हा नियम लागू होत नाही, आणि उशीर वाटेत कमी होऊ शकतो हे आधी पाहिलेच आहे. म्हणून तीनच्या काठावरचा उशीर असेल तर शेवटची नोंद पाहत थांबावे लागते.

रेल्वेने गाडीच पूर्ण रद्द केली असेल तर गोष्ट सोपी असते. इ-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. प्रवाशाने काही करायचे नसते आणि घाईने स्वतः तिकीट रद्द करू नये. खिडकीवरचे तिकीट मात्र स्वतः नेऊन द्यावे लागते. त्यासाठी गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांची मुदत असते. घरात एकाचे तिकीट मोबाइलवर आणि दुसऱ्याचे खिडकीवरचे असेल, तर एकाच गाडीसाठी दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी करायच्या असतात. मार्ग बदललेल्या आणि अंशतः रद्द गाडीला ‘आपोआप’ हा शब्द गृहीत धरू नये. तिथे प्रवास न केल्याचा अर्ज मुदतीत करावा लागतो.

डोंबिवलीची मंडळी त्या दिवशी जळगावला उतरली तेव्हा पावणेसात वाजले होते. आजींचे जेवण गाडीतच, सूर्य क्षितिजावर असताना झाले होते. भाची स्थानकावर घ्यायला आली होती. तिने मामाला पहिला प्रश्न विचारला तो लग्नाच्या दिवसाचा. मामाने खिशातून परतीचे तिकीट काढले, त्यावरच्या दोन तारखांवर बोट ठेवले आणि आधी तिच्याकडूनच त्या वाचून घेतल्या. परतीची गाडी जळगावहून ००.४० ला होती. तिकिटावर मंगळवारची तारीख होती आणि घरच्यांना निरोप देण्यात आला होता तो सोमवारच्या रात्रीचा.